रेशनकार्डाच्या फोटोवरून कुटुंबाचा तक्ता: वय आणि नाते भरताना

बऱ्याच अर्जांत कुटुंबातील सदस्यांचा तक्ता मागतात: नाव, अर्जदाराशी नाते, वय. लोक मोबाइलमधला रेशनकार्डाचा फोटो उघडतात आणि त्यावरच्या ओळी जशाच्या तशा उतरवून काढतात. नावे बहुधा बरोबर येतात. चुकतात ते वय आणि नाते, कारण हे दोन्ही रकाने कार्डावर वेगळ्या हिशोबाने लिहिलेले असतात.

जुन्या पुस्तिकेवर वय लिहिलेले असते ते कार्ड दिले त्या दिवसाचे. दरवर्षी ते कोणी बदलत नाही. म्हणून आधी कार्ड दिल्याची तारीख शोधा आणि मग वय वाढवा. नंतर वाढवलेल्या नावासमोर मात्र ते नाव चढवले त्या दिवसाचे वय असते. म्हणजे एकाच पानावरच्या दोन ओळींचा हिशोब दोन वेगळ्या तारखांपासून धरावा लागतो. शाईचा रंग किंवा अक्षर बदललेले दिसले, की शेजारची सही-शिक्का आणि तारीख आधी वाचावी.

नाते लिहिलेले असते ते कुटुंबप्रमुखाशी. अर्जाला हवे असते ते अर्जदाराशी. त्यात राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. काही पुस्तिकांत मुखपृष्ठावर प्रमुख म्हणून तिचे नाव आले, पण आतली नाती जुन्या पुरुष प्रमुखाशीच राहिली. ज्या ओळीत नात्याच्या जागी ‘स्वतः’ लिहिले आहे, ती व्यक्ती धरूनच बाकीची नाती वाचायची.

एक उदाहरण घेऊ. कार्ड जून २०१२ चे. ओळी अशा: स्वतः ५८, पत्नी ५२, मुलगा ३०, सून २६, नातू ४. पहिल्या ओळीवर आडवी रेघ आणि बाजूला ‘मयत’. खाली वेगळ्या शाईत नात, वय १, शिक्का ऑगस्ट २०१७ चा. अर्ज मुलगा करतोय, जून २०२५ मध्ये. त्याचा तक्ता असा होईल:

| कार्डावरील नोंद | अर्जदाराशी नाते | जून २०२५ मधील वय |
|---|---|---|
| पत्नी ५२ | आई | ६५ |
| मुलगा ३० | स्वतः | ४३ |
| सून २६ | पत्नी | ३९ |
| नातू ४ | मुलगा | १७ |
| नात १ (२०१७) | मुलगी | ८ किंवा ९ |

नातीचे वय कोणी २०१२ पासून मोजले, तर ती १४ वर्षांची होऊन बसते. रेघ मारलेले आजोबा तक्त्यात येत नाहीत. पण फोटोत ती रेघ फिकट दिसते आणि मयत माणूस हयात म्हणून भरला जातो. असा अर्ज पुढे पडताळणीत अडकतो.

सून म्हणजे अर्जदाराचीच पत्नी, हे कशावरून? दुसऱ्या मुलाचीही असू शकते. इथे आपल्या नावांची पद्धत कामी येते. सुनेच्या मधल्या नावात नवऱ्याचे नाव असते, नातवंडांच्या मधल्या नावात वडिलांचे. ते अर्जदाराच्या नावाशी जुळले, तर नाते पक्के समजा. जुळले नाही, तर ती भावजय, नातवंडे पुतण्या-पुतणी किंवा भाचा-भाची असू शकतात. अशा वेळी घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नये.

फोटोत अक्षरेही फसवतात. ‘नातू’चा खालचा उकार घडीत गेला, की ‘नात’ उरते आणि मुलगा मुलगी होतो. हाताने लिहिलेले १ आणि ९ सारखेच दिसतात. तान्ह्या बाळासमोर ‘६ म.’ लिहिलेले असते. ते सहा महिने असतात, सहा वर्षे नव्हेत. एक साधी पडताळणी करा: आई आणि मूल यांच्या वयात पंधरा वर्षांपेक्षा कमी अंतर आले, तर एखादा आकडा बहुधा चुकीचा वाचलाय. फोटो काढताना पुस्तिका पूर्ण उघडी करून सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वर धरा आणि शेऱ्यांचे पान सोडू नका. प्लास्टिकचे कव्हर काढा. त्याची चमक नेमकी आकड्यांवरच येते.

असे काढलेले वय अंदाजाचेच असते, कारण कार्ड देताना अनेकांनी तोंडीच वय सांगितलेले असते. वर आईचे वय ६५ आले. श्रावणबाळ योजनेत किमान वय ६५ च आहे, त्यामुळे तिथे तक्त्यातला आकडा चालणार नाही. तिच्या वयाचा स्वतंत्र पुरावा जोडावा लागेल. शाळेत गेलेल्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलांसाठी जन्मदाखला घेऊन तक्ता दुरुस्त करावा.

शेवटी कार्डाच्या १२ अंकी क्रमांकावरून ऑनलाइन नोंद पाहा. पुस्तिकेत असलेले नाव तिथे नसेल, तर नाव वाढवण्यासाठी नमुना ८, आणि मयताचे किंवा लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव अजून दिसत असेल, तर ते कमी करण्यासाठी नमुना ९ तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्यावा लागतो. मुंबईत शिधावाटप कार्यालयात. हे काम आधी उरका आणि तक्ता त्यानंतर भरा.