‘धर्म नमूद नाही’: जनगणनेतला शेवटचा रकाना आणि विदर्भातल्या जिल्ह्यांची तुलना

२०११ च्या जनगणनेतील धर्मविषयक तक्ता ‘सी-१’ या क्रमांकाने ओळखला जातो. त्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी, तालुक्यासाठी आणि शहरासाठी एकूण लोकसंख्येनंतर आठ रकाने येतात. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन हे सहा धर्म स्वतंत्रपणे दिलेले असतात, सातवा रकाना ‘इतर धर्म व पंथ’ असा असतो आणि आठवा ‘धर्म नमूद नाही’ असा. वाचणारे बहुतेक जण सहाव्या रकान्यापाशी थांबतात. पण महाराष्ट्राच्या ओळीत आठव्या रकान्यात २,८६,२९० माणसे आहेत, म्हणजे राज्यातल्या शिखांपेक्षा (२,२३,२४७) जास्त आणि ‘इतर धर्म व पंथ’ या अख्ख्या रकान्यापेक्षाही (१,७८,९६५) कितीतरी जास्त. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना या माणसांचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागते.

हा रकाना भरतो कसा, हे पाहण्यासाठी दारावरच्या कामापासून सुरुवात करू. प्रगणक, जो खेड्यात बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक असतो, कुटुंब अनुसूची घेऊन घरी येतो. २०११ च्या अनुसूचीत धर्माचा प्रश्न सातवा होता. सहा धर्मांना १ ते ६ असे सांकेतांक होते; उत्तर त्यांतले असेल तर धर्माचे नाव पूर्ण लिहून शेजारच्या चौकटीत सांकेतांक टाकायचा, आणि उत्तर वेगळे असेल तर फक्त नाव लिहून चौकट मोकळी ठेवायची. कुटुंबातल्या प्रत्येकाला हा प्रश्न वेगळा विचारला जाणे अपेक्षित असले, तरी सहसा घरातली एकच व्यक्ती सगळ्यांच्या वतीने उत्तर देते. सांगितलेल्या उत्तरावर वाद घालू नये, जे सांगितले तेच लिहावे, असा नियम आहे. तरीही एखादी जागा कोरी राहते, एखादा माणूस सांगायला नकार देतो, एखादे कुटुंब घाईत अर्धवट नोंदवले जाते. या सर्वांची बेरीज एकाच आकड्यात होते आणि त्या आकड्यावरून कारण मात्र कळत नाही.

म्हणूनच या रकान्याला ‘नास्तिकांची संख्या’ म्हणणे चूक आहे. देशभरात २००१ साली सुमारे ७.३ लाख असलेला हा आकडा २०११ साली २८.७ लाखांवर गेला, तेव्हा काही बातम्यांत तो धर्म न मानणाऱ्यांचा आकडा म्हणून छापला गेला. वास्तविक ज्यांनी स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवले, ते त्याच जनगणनेत ‘इतर धर्म व पंथ’ या रकान्याच्या परिशिष्टात वेगळे दाखवलेले आहेत आणि देशभरात त्यांची संख्या ३३ हजारांच्या आसपास आहे. ‘नाही’ असे सांगणे आणि काहीच न सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता हिशेबाकडे येऊ. महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५,३१,२०० आणि एकूण लोकसंख्या ११,२३,७४,३३३, म्हणून प्रमाण ५.८१ टक्के निघते. या भागाकारात एक गृहीतक दडलेले आहे: धर्म न नोंदवलेल्यांपैकी एकही जण बौद्ध नाही. छेदातून त्या २,८६,२९० जणांना वगळले तर प्रमाण ५.८३ टक्के होते, आणि तिथेही गृहीतक आहेच, फक्त वेगळे: न नोंदवलेल्यांचे धर्म नोंदवलेल्यांच्याच प्रमाणात वाटलेले आहेत. यांपैकी कोणते खरे, हे तक्त्यावरून ठरवता येत नाही. त्यामुळे एक आकडा सांगण्याऐवजी किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. न नोंदवलेल्यांतला एकही बौद्ध नसेल तर ५.८१, सगळेच बौद्ध असतील तर ६.०७, खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. हिंदूंसाठी याच मर्यादा ७९.८३ आणि ८०.०८ येतात आणि त्या फरकाने कोणाचेही मत बदलणार नाही. पण ‘इतर धर्म व पंथ’ या रकान्यासाठी हाच हिशेब केला तर किमान ०.१६ आणि कमाल ०.४१ टक्के येते, म्हणजे वरची मर्यादा खालचीच्या अडीचपट! तेच २,८६,२९० लोक मोठ्या रकान्यात दिसेनासे होतात आणि लहान रकान्यात सगळा अर्थ बदलू शकतात. सगळेच्या सगळे एकाच धर्माचे असतील हे संभवत नाही, हे खरे. परंतु दोन जिल्ह्यांच्या मर्यादा एकमेकींवर पडत असतील, तर ‘या जिल्ह्यात त्या जिल्ह्यापेक्षा जास्त’ असे विधान निदान या तक्त्याच्या बळावर करता येत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया या पट्ट्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण इथे सातवा रकाना म्हणजे प्रामुख्याने आदिवासींच्या स्वतःच्या धर्मनोंदींचा प्रश्न आहे. २०११ साली देशात सुमारे १०.२६ लाख लोकांनी आपला धर्म गोंड असा नोंदवला. ही नावे मुख्य तक्त्यात दिसत नाहीत, ती परिशिष्टात राज्यवार येतात. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या ‘इतर धर्म’ रकान्यात नेमके कोण आहेत, हे त्या ओळीवरून सांगता येत नाही. शिवाय शेजारशेजारच्या दोन टोल्यांत एकसारख्याच पूजाविधी पाळणारी दोन कुटुंबे वेगवेगळ्या रकान्यांत जाऊ शकतात. एकाने ‘गोंड’ असे नाव लिहायला लावले, दुसऱ्याच्या घरी प्रगणकाने न विचारताच १ हा सांकेतांक टाकला, एवढ्याने फरक पडतो. जमातीचा प्रश्न तर वेगळाच, आठवा आहे, आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती कोणत्याही धर्माची असू शकते. गडचिरोलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के आहे म्हणून तितके लोक ‘इतर धर्मा’त असायला हवेत, असे म्हणणे किंवा तितके दिसत नाहीत म्हणून नोंदी खोट्या आहेत असा निष्कर्ष काढणे, दोन्ही घाईचे आहे.

न नोंदवलेले लोक जिल्हाभर सारखे पसरलेले असतीलच, असेही धरून चालता येत नाही. एका प्रगणकाकडे साधारण सहाशे-साडेसहाशे वस्तीचा एक गट असतो. त्यातला एखादा गट नीट भरला गेला नाही, तर सहाशे माणसे एकगठ्ठा आठव्या रकान्यात जातात. तीन लाख वस्तीच्या तालुक्यात हे ०.२ टक्के होतील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. चाळीस हजार वस्तीच्या दुर्गम तालुक्यात मात्र तेच दीड टक्का भरतील. हे ओळखायचे कसे? जिल्ह्याची ओळ सोडून तालुक्यांच्या आणि शहरांच्या ओळी पाहायच्या. सगळीकडे ०.१ ते ०.३ टक्के आणि एकाच ठिकाणी दीड टक्का असेल, तर तिथे नोंदणीत काहीतरी घडले असण्याची शक्यता जास्त, आणि त्या तालुक्याच्या लहान रकान्यांवर भिस्त ठेवू नये. खेड्यागणिक धर्माचे आकडे सी-१ मध्ये नसतात, त्यामुळे तालुक्याच्या खाली उतरून खात्री करता येत नाही.

मर्यादा काढून झाल्या तरी तुलना न्याय्य झाली असे नाही, कारण जिल्हे मुळातच वेगळ्या घडणीचे असतात. २०११ साली नागपूर जिल्ह्यातली ६८ टक्के वस्ती नागरी होती आणि गडचिरोलीतली फक्त ११ टक्के. यातून काय घडते ते पाहण्यासाठी दोन काल्पनिक जिल्हे घेऊ, दोन्ही दहा लाख वस्तीचे. ‘अ’ जिल्ह्यात ९० टक्के वस्ती ग्रामीण. एखाद्या धर्माचे प्रमाण खेड्यांत ८ टक्के आणि शहरांत २० टक्के. ‘ब’ जिल्ह्यात ग्रामीण वस्ती ३० टक्के; त्याच धर्माचे प्रमाण खेड्यांत ७ आणि शहरांत १८ टक्के. खेड्यांत पाहिले तरी ‘अ’ पुढे, शहरांत पाहिले तरी ‘अ’ पुढे. पण एकूण बेरीज करा: ‘अ’मध्ये ७२,००० आणि २०,००० मिळून ९२,०००, म्हणजे ९.२ टक्के, ‘ब’मध्ये २१,००० आणि १,२६,००० मिळून १,४७,०००, म्हणजे १४.७ टक्के. एकूण आकड्यात ‘ब’ दीडपटीहून पुढे गेला, आणि हे केवळ शहरी वस्ती जास्त असल्यामुळे.

सी-१ मध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन ओळी असतात, त्या याच कामाच्या आहेत. ग्रामीण विदर्भाविषयी बोलायचे असेल तर ग्रामीण ओळ ग्रामीण ओळीशीच लावावी. बातमीत वर्धा आणि गोंदियाचे एकूण आकडे शेजारी छापून ‘खेड्यापाड्यांतले चित्र’ असे म्हणणे योग्य नाही. आणि जिल्ह्याला एकच आकडा हवाच असेल, तर दोन्ही जिल्ह्यांना सारखेच वजन द्यावे. महाराष्ट्रात ग्रामीण वस्ती सुमारे ५५ आणि नागरी ४५ टक्के आहे. तेच वजन वर लावले तर ‘अ’ जिल्ह्याचे प्रमाण १३.४ आणि ‘ब’चे सुमारे १२ टक्के येते. हे प्रमाण कोणत्याही जिल्ह्यात प्रत्यक्ष मोजलेले नाही, ते फक्त तुलनेपुरते आहे, आणि ते तसे सांगूनच छापावे.

काळाच्या तुलनेत आणखी एक अडचण येते, ती सीमांची. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून, वाशीम १९९८ साली अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणून १९९१ चा भंडारा आणि २००१ चा भंडारा या एकाच नावाच्या दोन निराळ्या प्रदेशांच्या ओळी आहेत, आणि त्यांतला फरक लोकांच्या धर्मात झालेला बदल म्हणून वाचता येत नाही. उपाय सोपा आहे: २००१ आणि २०११ चे भंडारा-गोंदिया एकत्र करायचे, टक्केवाऱ्यांची सरासरी न काढता माणसांचे आकडे बेरजेत घ्यायचे, मग भागाकार करायचा, आणि ‘धर्म नमूद नाही’ची बेरीजही सोबत ठेवून दोन्ही मर्यादा पुन्हा काढायच्या. २००१ ते २०११ या दशकात देशपातळीवर हा रकाना जवळजवळ चौपट झाला, हे इथे लक्षात ठेवावे लागते; एखाद्या लहान समाजाचे प्रमाण ०.१ टक्क्याने घटलेले दिसले, तर ती माणसे कमी झाली की आठव्या रकान्यात गेली, हे त्या दोन मर्यादा मांडल्याशिवाय सांगता येत नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरलेला आहे, आणि तिचे तक्ते २०११ च्या शेजारी ठेवताना हा हिशेब जिल्ह्याजिल्ह्यासाठी, आणि लहान रकान्यांसाठी तालुक्यातालुक्यासाठीही, नव्याने करावा लागेल.