सबसॉनिक आणि सुपरसॉनिक गोळी

आवाजापेक्षा वेगाने जाणारी ती सुपरसॉनिक किंवा स्वनातीत गोळी आणि आवाजाच्या मागे राहणारी ती सबसॉनिक. ही सीमारेषा मात्र स्थिर नाही. हवेतला आवाजाचा वेग ०° से. ला सेकंदाला ३३१ मीटर असतो, तर ४०° ला ३५५. त्यामुळे ३४० मीटर वेगाची एकच गोळी थंडीच्या पहाटे कडाडते आणि उन्हाळी दुपारी कडाडत नाही.

हा कडाका म्हणजे बंदुकीचा बार नव्हे. गोळीपुढची हवा वेळेवर बाजूला होऊ शकत नाही, ती दाबली जाते आणि गोळीमागे शंकूच्या आकाराची आघातलहर पसरते. एर्न्स्ट माख यांनी १८८७ मध्ये या लहरीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ध्वनिवेग ओलांडताना एकदाच आवाज होतो, ही समजूत चुकीची आहे. वेग ध्वनीहून जास्त असेपर्यंत शंकू गोळीसोबत धावतो आणि ज्याच्या जवळून जातो त्याला कडाका ऐकू येतो. ६०० मीटरवर लक्ष्याच्या खड्ड्यात बसलेल्याला आधी आसुडासारखा फटका ऐकू येतो आणि गोळीला तिथवर यायला एक सेकंद लागला असेल, तर त्यानंतर सुमारे पाऊण सेकंदाने दूरचा बार.

नेमबाजाची खरी पंचाईत वेग कमी होत ध्वनिवेगाशी येतो तेव्हा होते. अंदाजे १.२ ते ०.८ पट ध्वनिवेगाच्या या पट्ट्यात आघातलहरी गोळीच्या अंगावर जागा बदलतात आणि हवेच्या दाबाचा मध्य सरकतो. नळीतल्या पिळाने मिळालेली गिरकी शाबूत असली तरी भोवरा डुलावा तशी गोळी डुलू लागते. डुलणे शमले नाही तर ती आडवी होते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसली की ओळखावे. शेपटीचा उतार इथे निर्णायक ठरतो. .३०८ रायफलीची १३° उताराची १६८ ग्रेनची सिएरा मॅचकिंग गोळी ९०० मीटरच्या आसपास बिघडते, हे लांब पल्ल्याच्या नेमबाजांना चांगले ठाऊक आहे. ९° उताराची १७५ ग्रेनची गोळी हा पट्टा बरीच शांतपणे पार करते.

.२२ रायफलीत गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. ३८० मीटर वेगाने सुटणारी ‘हाय व्हेलॉसिटी’ गोळी साधारण ५० मीटरवरच ध्वनिवेगाखाली येते. ३२५ मीटर वेगाची गोळी ध्वनिवेगाची रेषा कधी ओलांडतच नाही. शिवाय वाऱ्याने होणारी सरक उड्डाणाच्या एकूण वेळेवर नव्हे, हवेच्या रोधाने वाया गेलेल्या वेळेवर ठरते आणि ध्वनिवेगाजवळ रोध एकदम चढतो. म्हणून १०० मीटरवर वेगवान गोळीच आडव्या वाऱ्यात जास्त सरकते. स्पर्धेतले नेमबाज .२२ साठी सबसॉनिक काडतुसेच निवडतात.