जूनची फी सप्टेंबरच्या अंदाजात

नेरुळच्या आमच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला एकच वाद होतो: या महिन्यात खर्चाला किती बाजूला काढायचे? बायको म्हणते, मागच्या महिन्याइतके. पण मागचा महिना पाहुण्यांचा असेल तर अंदाज फसतो. म्हणून मी शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतो. नवा महिना आत आला की सर्वांत जुना बाहेर पडतो, म्हणून ही सरकती सरासरी.

जानेवारी ते ऑगस्टचा आमचा खर्च असा: ३८,०००, ३६,५००, ३९,५००, ४१,०००, ३९,५००, ६४,५००, ३८,००० आणि ४२,५०० रुपये. जूनच्या आकड्यात मुलीच्या शाळेची २२,००० रुपये फी होती. ती तशीच ठेवली तर पुढच्या तिन्ही अंदाजांत तिचा एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ७,३०० रुपये फुकटचे चढतात आणि ऑक्टोबरमध्ये अंदाज अचानक कोसळतो. वर्षातून एकदाच येणारा असा खर्च सरासरीतून काढून बाराने भागायचा आणि दरमहा वेगळा साठवायचा. फीचे १,८३३ झाले. गणपतीचेही तसेच. तिथे 'मागच्या वर्षीचा सप्टेंबर बघू' चालत नाही, कारण २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला आले, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला.

फी वगळून जून ४२,५०० चा. मग सप्टेंबरचा अंदाज जून, जुलै, ऑगस्टच्या सरासरीइतका, ४१,०००. एक्सेलमध्ये जानेवारी दुसऱ्या ओळीत असेल आणि जूनचा आकडा आधीच दुरुस्त केला असेल तर:

```
=AVERAGE(B7:B9)
```

आता राखीव किती ठेवायचे? बरेच जण सरळ दहा टक्के धरतात. मला ते पटत नाही, कारण आपला अंदाज किती चुकतो हे आपल्याच वहीत असते. एप्रिलसाठी आधीच्या तीन महिन्यांची सरासरी ३८,००० होती, खर्च ४१,००० झाला: ३,००० कमी पडले. असेच पुढे मोजले तर मेमध्ये ५०० कमी पडले, जूनमध्ये २,५००, जुलैत उलट ३,००० उरले, ऑगस्टमध्ये पुन्हा २,५०० कमी. सर्वांत मोठी तूट ३,००० ची, म्हणून तेवढे राखीव. सप्टेंबरला ४४,००० काढले. फ्रिज बिघडला तर हे पैसे पुरणार नाहीत, तो हिशोब निराळा.

पाचपैकी चार वेळा पैसे कमीच पडले, हे मात्र खटकले. तीन महिन्यांच्या सरासरीचा मध्य दोन महिने मागे असतो. खर्च दरमहा ५०० नी वाढत असेल तर अंदाज कायम १,००० नी मागे राहतो. आमच्या पाच चुकांची सरासरी १,१०० निघाली.

सप्टेंबरचा खर्च ४२,५०० झाला. जून बाहेर पडला, तोही ४२,५०० चाच, म्हणून ऑक्टोबरचा अंदाज पुन्हा ४१,०००. मी त्यात १,००० वाढवून ठेवले.