दोन मुद्द्यांच्या मध्ये काय हरवते?

माणसाचे अवधान आता सोनेरी माशापेक्षाही कमी, जेमतेम आठ सेकंदांचे उरले आहे, असे एक विधान अनेक वर्षे फिरत आहे. त्याला विश्वासार्ह संशोधनाचा आधार नाही, तरीही त्याच्या जोरावर ‘जे काही सांगायचे ते मुद्द्यांत सांगा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मजकूर नाजूक असेल तेव्हा हा सल्ला नेमका कुठे फसतो, हे वाचनाच्या प्रक्रियेकडे पाहिले की कळते.

वाक्य वाचताना आपण त्याचा अर्थ मागच्या वाक्याशी जोडत असतो. ही जोडणी कोणत्या प्रकारची आहे, म्हणजे दुसरे विधान पहिल्याचे कारण आहे, परिणाम आहे, की त्याला घातलेली मर्यादा आहे, हे शाळेच्या व्याकरणात शिकलेली ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरी’, ‘पण’ ही उभयान्वयी अव्यये सांगतात. मजकुराची यादी केली की सर्वांत आधी हीच अव्यये गळतात. मग वाचक तो सांधा आपल्या पूर्वज्ञानातून भरतो आणि ते अपुरे असेल तर आशेतून किंवा भीतीतून भरतो. डॅनिएल मॅकनमारा, वॉल्टर किंट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना हृदयविकारावरील मजकूर वाचायला दिला होता. विषयाची फारशी माहिती नसलेल्यांना सांधे स्पष्ट करणारा मजकूर अधिक उपयोगी पडला. जाणकारांना मात्र सांधे सुटलेल्या मजकुराचा, तो स्वतः जोडावा लागल्यामुळे, सखोल आकलनासाठी फायदाच झाला. यादी लिहिणारा बहुधा जाणकार असतो, त्यामुळे त्याला ती स्वच्छ वाटते यात नवल नाही.

याचे गंभीर उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचे आहे. जानेवारी २००३ मधील उड्डाणात बाह्य टाकीवरील फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज व्यवस्थापकांपुढे स्लाइडवर मांडला. त्यातील एका स्लाइडचा मथळा, चाचण्यांच्या माहितीवरून उष्णतारोधक फरश्यांच्या हानीचा अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेला दिसतो, असे सुचवणारा होता. प्रत्यक्ष तुकड्याचा अंदाजित आकार १९२० घनइंच, तर चाचणीतील तुकडा अवघा ३ घनइंचांचा, ही गोष्ट मात्र अगदी तळाच्या, आत सरकवलेल्या उपमुद्द्यात होती. म्हणजे सुमारे ५० मिलिलिटरच्या तुकड्यावरून सुमारे ३१ लिटरच्या तुकड्याविषयी अनुमान काढले जात होते, तब्बल ६४० पट फरकाने. ‘चाचणीतील तुकडा इतका लहान होता, म्हणून वरचा दिलासा येथे लागू होईलच असे नाही’ हे वाक्य लिहिले असते, तर त्यातील ‘म्हणून’ने मथळाच उलटवला असता. यादीत तो आकडा केवळ एक तपशील राहिला. १ फेब्रुवारी रोजी परतताना यान वातावरणात फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताचे मूळ तांत्रिक आणि संघटनात्मक होते, एका स्लाइडमध्ये नव्हते. परंतु चौकशी मंडळाने आपल्या अहवालात, ही स्लाइड वाचून वरिष्ठांना प्राणावर बेतलेल्या प्रसंगाची कल्पना आली नसेल हे सहज समजण्यासारखे आहे, असे नोंदवले.

हेच रुग्णाला कळवायच्या निष्कर्षाबाबत घडते. थायरॉइडच्या गाठीची सुईतपासणी अनिर्णित आली आहे, असे समजा. यादी अशी होईल: निष्कर्ष अनिश्चित, अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, तपासणी पुन्हा करावी. चारही विधाने खरी आहेत, पण घाबरलेला माणूस शेवटची दोनच एकमेकांना जोडतो आणि पुन्हा तपासणी म्हणजे कर्करोग सापडला असे धरून चालतो. सलग लिहिले तर हा सांधा त्याच्यावर सोडावा लागत नाही: ‘मिळालेल्या पेशींवरून निश्चित निष्कर्ष काढता आलेला नाही. अशा गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतात, तरी केवळ या नमुन्यावरून कर्करोग नाही असे खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच तपासणी पुन्हा करायची आहे, कर्करोग आढळला म्हणून नव्हे.’

सलग गद्यातही मुख्य गोष्ट लांबलचक वाक्यात दडवता येते, आणि सरकारी पत्रे वाचणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. म्हणून प्रत्येक यादी मोडून सलग गद्य करण्याऐवजी, लिहून झालेली यादी तपासताना दोन ओळींमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘तरी’ घालून पाहावे. ते घातल्याने अर्थ बदलत असेल, तर तो सांधा वाचकाला लिहूनच द्यायला हवा. वरच्याच रुग्णाला पुढील तपासणीला येताना जुने अहवाल आणावेत, चालू औषधांची नावे लिहून आणावीत, रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी कळवावे, अशा सूचना द्यायच्या असतात. त्यांचा क्रम बदलला तरी काहीच बिघडत नाही. त्या खुशाल मुद्द्यांत द्याव्यात, मात्र निष्कर्षाच्या परिच्छेदानंतर आणि त्याच्यापासून वेगळ्या.