गुळपोळी कुरियरने जाते, पुरणपोळी का नाही?

दोन्ही पोळ्या तव्यावर भाजलेल्या आणि गुळाच्याच. पण गुळपोळी पंधरवडाभर टिकते आणि पुरणपोळीला तिसऱ्या दिवशी वास येतो. फरक पाण्याचा आहे, तोही किती पाणी आहे यापेक्षा किती पाणी मोकळं आहे याचा. साखर आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात, मग ते बुरशीच्या हाती लागत नाही. या मोकळेपणाला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता 1, आणि ती 0.6 च्या खाली गेली की कोणताच जंतू वाढत नाही.

गुळपोळीच्या सारणात किसलेला गूळ, तिळाचं कूट आणि तेलावर भाजलेलं बेसन असतं. वेगळं पाणी पडतच नाही. पुरण मात्र शिजवलेल्या डाळीचं. कितीही आटवलं तरी ओलं राहतं, आणि काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. बिघडलेलं पुरण बोटांत धरून ताणलं तर तार सुटते. अशी पोळी चाखूनही बघू नये.

पुष्कळजण यावर व्हॅक्यूम पॅकिंगचा उपाय काढतात. हवा काढली की बुरशी अडते हे खरं, पण काही घातक जिवाणूंना हवा नसलेलीच आवडते. त्यामुळे पुरणपोळी पाठवायची तर थंड साखळीतूनच, म्हणजे वाटेत सगळीकडे गार ठेवून, नाहीतर गावातल्या गावात त्याच दिवशी.

गुळपोळीचा शत्रू म्हणजे बाहेरून येणारा दमट वारा आणि खवट होणारं तिळाचं तेल. पोळ्या जाळीवर पूर्ण गार होऊ द्याव्यात. कोमट भरल्या तर पिशवीत आतून दव धरतं आणि पोळ्या चिवट होतात. दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर, वर-खाली जाड पुठ्ठा, आणि बाहेरून अॅल्युमिनियमचा थर असलेली, सीलबंद होणारी पिशवी. साध्या पातळ प्लॅस्टिकमधून वाफ आत शिरते.

तारीख अंदाजाने छापू नये. त्याच घाण्यातली चार-पाच पाकिटं घरीच साध्या तापमानाला ठेवावीत आणि काही दिवसांच्या अंतराने एकेक फोडावं. समजा, विसाव्या दिवशी पहिल्यांदा खवट वास आला, तर लेबलवर 15 दिवस लिहावेत. कुरियरची गाडी उन्हात तापते, त्याला ही सवलत हवी. दिवस भाजल्यापासून मोजायचे, पॅक केल्यापासून नाही.

ऑनलाइन विक्रीसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची अपेक्षा अशी की माल ग्राहकाला मिळेल तेव्हा त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी निदान 30 टक्के शिल्लक हवी किंवा 45 दिवस. आपली मुदतच 15 दिवसांची, म्हणून आपल्याला 30 टक्केच लागू पडतात. 8 जानेवारीला भाजलेल्या पोळीची मुदत 23 ला संपते, आणि 15 दिवसांचे 30 टक्के म्हणजे साडेचार. म्हणजे 18 तारखेपर्यंत पाकीट दारात पोचलं पाहिजे. 9 ला निघालं तर संक्रांतीलाही गाठतं. 15 ला निघालेलं पाकीट मात्र शनिवार-रविवारी गोदामात अडकलं, की हिशेब चुकतो.