दुकान विकताना गाळ्याचा भाडेकरार नव्या मालकाच्या नावे कसा करावा : बेळगाव जिल्ह्यासाठी माहिती

धंदा विकला की माल, फर्निचर आणि गुडविल घेणाऱ्याचे होते. भाड्याचा गाळा मात्र आपोआप त्याच्याकडे जात नाही. आपल्या भागात अजूनही ऐकायला मिळते की गुडविलसकट चालू दुकान विकले तर गाळेमालकाला विचारावे लागत नाही. हा समज जुन्या मुंबई राज्याच्या भाडे कायद्यातून आलेला आहे. तिथे अधिसूचनेने तशी सवलत होती. बेळगाव १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. आज इथे कर्नाटक भाडे कायदा १९९९ आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चालतात, त्यामुळे कोल्हापूरच्या पाहुण्यांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

आधी गाळा मोजा. चौदा चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीडशे चौरस फुटांच्या आतल्या दुकानाला भाडे कायदा लागू होऊ शकतो. तिथे लेखी संमतीशिवाय गाळा दुसऱ्याला दिला तर ते कलम २७ खाली ताबा काढून घेण्याचे कारण ठरते. त्याहून मोठ्या गाळ्याला हस्तांतरण कायदा लागतो. त्याचे कलम १०८(जे) भाडेकरूला हक्क दुसऱ्याला देऊ देते, पण करारात मनाई नसेल तरच. छापील करारात ‘पोटभाडेकरू ठेवणार नाही, हक्क हस्तांतरित करणार नाही’ ही ओळ बहुधा असतेच, आणि गाळेमालकाच्या हिताची अशी अट कायद्याने वैध आहे. करारातल्या इतर अटी मोडल्या तर चूक सुधारण्यासाठी मुदतीची नोटीस द्यावी लागते (कलम ११४अ). या अटीला ते संरक्षण नाही. ती मोडल्यास ताबा परत घेता येईल असे करारात असेल, तर मालक लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो.

समजा, खडे बाजारात तीनशे चौरस फुटांचा गाळा आहे. नोंदणीकृत करार १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२८, भाडे १८,००० रुपये, अनामत दोन लाख. दुकान १ डिसेंबर २०२५ ला नऊ लाखांना द्यायचे ठरले. कराराचे २८ महिने उरतात आणि घेणारा त्यासाठीही पैसे मोजतो आहे. म्हणून विसार घेण्याआधी गाळेमालकाला लेखी अर्ज द्यावा. त्यात कराराची तारीख व नोंदणी क्रमांक, घेणाऱ्याचे नाव-पत्ता, कोणता धंदा चालणार आणि ताब्याची तारीख लिहावी. जोडायचे कागद थोडेच आहेत: मूळ कराराची प्रत, भाड्याच्या पावत्या, हेस्कॉमचे भरलेले बिल, घेणाऱ्याचे आधार, पॅन आणि बँकेचे कागद. भाडे थकलेले असेल तर आधी भरा; थकबाकीदाराच्या अर्जावर मालक सही कशाला करील?

सही कोणाची, हे नीट पाहा. जुन्या पेठेतले गाळे पुष्कळदा वडिलांच्या नावावरच असतात आणि हक्कदार भाऊ-बहिणी असतात. भाडे घेणाऱ्या एकाच भावाची सही पुढे वादात टिकेलच असे नाही. उताऱ्यावरची नावे पाहून सगळ्यांच्या सह्या घ्या, किंवा एकाच्या नावे बाकीच्यांचे मुखत्यारपत्र आहे का ते तपासा.

संमती मिळाली की जुना भाडेकरू, नवा भाडेकरू आणि गाळेमालक यांचा त्रिपक्षीय लेख करून उपनोंदणी कार्यालयात नोंदवावा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीनेच होतो, आणि उरलेले २८ महिने देणारा कागदही नोंदलेला हवा. त्यात दोन वाक्ये हमखास हवीत. एक, दोन लाखांची अनामत आता नव्या भाडेकरूची. नाहीतर नवा भाडेकरू तेवढी रक्कम जुन्याला रोख देतो आणि २०२८ ला मालक म्हणतो, ‘तुमच्याकडून मी काही घेतलेले नाही.’ दोन, या तारखेनंतरच्या भाड्यातून जुना भाडेकरू मोकळा. हक्क दिल्याने त्याची मूळ जबाबदारी सुटत नाही, असे कलम १०८(जे) म्हणते. ती मालकानेच लेखी सोडावी लागते.

करार अकरा महिन्यांचा असेल तर देण्यासारखे फारसे काही उरत नाही. अशा वेळी जुन्याने ताबा मालकाला परत द्यावा आणि नव्याने थेट मालकाशी करार करावा.

तोंडी होकारावर ताबा दिला तर त्यातला धोका पावती पाहून कळतो. नवा माणूस यूपीआयने भाडे पाठवतो, पण पावती जुन्याच नावाने येते. हस्तांतरण माहीत असूनही मालकाने नंतरचे भाडे घेतले तर हरकत सोडली, असे कलम ११२ वरून म्हणता येते. पण ‘मला माहीतच नव्हते, जुन्याचेच भाडे समजलो’ असे तो म्हणाला, की माहिती होती हे सिद्ध करणे तुमच्यावर. घेणाऱ्याला आधी नावापुरता भागीदार करून मग जुन्याने बाहेर पडण्याची युक्तीही काही जण करतात, पण तिच्यावर विसंबू नका. ताबा खरोखर कोणाकडे गेला, हे कोर्ट पाहते.

जीएसटी नोंदणी लागत असेल तर ती आणि महापालिकेचा व्यापार परवाना घेणाऱ्याला स्वतःच्या नावे काढावा लागतो. दोन्हीकडे जागेचा पुरावा मागतात, आणि तिथेही हाच नोंदलेला लेख उपयोगी पडतो. खाद्यपदार्थांचे दुकान असेल तर एफएसएसएआयचा परवाना विक्रीने हस्तांतरित होत नाही. नवा परवाना हातात येईपर्यंत धंदा सुरू करू नये.