करारातली कलमं आणि भिंतीवरच्या सूचना: अर्धविराम कुठे, पूर्णविराम कुठे

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यात दोन याद्या हमखास दिसतात. एक खरेदीदाराशी केलेल्या करारात, दुसरी मागाशेजारच्या भिंतीवर. दोन्ही एकाखाली एक लिहिलेल्या, म्हणून त्यांना विरामचिन्हंही सारखीच दिली जातात. करारात त्याने अर्थच बदलतो.

आधी करारातलं कलम पाहू:

टॉवेलचा
(अ) रंग पहिल्या धुण्यात उतरल्यास;
(ब) काठ उसवलेला, तिरका किंवा आखूड असल्यास; किंवा
(क) कपडा नमुन्यापेक्षा वजनाला कमी भरल्यास
खरेदीदार तो गठ्ठा परत करू शकेल.

यात ओळी पाच असल्या तरी वाक्य एकच आहे. म्हणून मुद्द्यांमध्ये अर्धविराम; (ब) मध्ये आतच स्वल्पविराम आलेला असल्यामुळे मुद्दे वेगळे करायला तेच चिन्ह पुरत नाही. ‘किंवा’ शेवटून दुसऱ्या मुद्द्यानंतर एकदाच येतो आणि (अ)–(ब) मधलं नातंही तोच ठरवतो. तिथे ‘आणि’ पडला, तर रंग उतरलेला, काठ बिघडलेला आणि वजनही कमी, असा तिहेरी दोष असल्याशिवाय माल परत करता येणार नाही. काहीच लिहिलं नाही, तर दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा शब्द वाचतील.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सर्वांत जास्त चुका (क) च्या टोकाला होतात. तिथे पूर्णविराम दिला की अटी अधांतरी राहतात आणि ‘खरेदीदार तो गठ्ठा परत करू शकेल’ हे बिनशर्त वाक्य होऊन बसतं. शेवटची ओळ (क) लाच चिकटवून टाईप केली, तर परतीचा हक्क फक्त कमी वजनापुरता आहे असं वाटतं. म्हणून ती ओळ स्वतंत्र, समासापासून सुरू करावी. पूर्णविराम तिच्याच शेवटी.

आता भिंतीवरची यादी:

• धोटा बदलताना माग बंद ठेवा.
• तुटलेला धागा लगेच जोडा.
• पाळी संपल्यावर मागाखालचा कापूस झाडा.

इथे प्रत्येक ओळ स्वतंत्र वाक्य, म्हणून प्रत्येकीला पूर्णविराम. अर्धविराम नको, ‘आणि’ही नको. नुसती नावं असतील (सूत, रंग, खोकी) तर काहीच चिन्ह दिलं नाही तरी चालतं. ठिपक्यांऐवजी अक्षरं तेव्हाच घ्यावीत, जेव्हा पुढे ‘(ब) नुसार’ असा उल्लेख करावा लागणार असेल.

शंका आली तर सुरुवातीची ओळ, एकच मुद्दा आणि शेवटची ओळ सलग मोठ्याने वाचा: ‘टॉवेलचा रंग पहिल्या धुण्यात उतरल्यास खरेदीदार तो गठ्ठा परत करू शकेल.’ वाक्य जुळलं तर ती करारासारखी यादी. प्रत्येक मुद्दा असा वाचावा. एखादाच अडखळला तर दोष चिन्हात नसून त्या मुद्द्याच्या रचनेत आहे. सहसा कोणीतरी मध्येच पूर्ण वाक्य घुसवलेलं असतं: ‘वजनाला कमी भरल्यास. वजन दोघांसमोर करावे’. हे दुसरं वाक्य यादीतून काढून पुढच्या कलमात न्यावं.